लाईट आली, पण प्रिंटर आणि कॅमेरे परत आले नाहीत: राऊटरने बदललेले नंबर कसे शोधायचे आणि कायमचे कसे पक्के करायचे

कोल्हापुरात चप्पल लाईनीत माझ्या मामांचं दुकान आहे. जुलैमधल्या एका संध्याकाळी धो धो पावसात लाईट गेली आणि पाऊण तासाने आली. थोड्या वेळात मामांचा फोन.

"आरं, बिल निघंना झालंय बघ. पिंटरचा हिरवा दिवा जळतोय, पण कंप्युटर म्हंतोय ऑफलाईन. आणि टीव्हीवर गोदामाच्या चौकोनात दुकानाचं दार दिसाय लागलंय. दाराचा चौकोन तर काळाच पडलाय. सगळं जळलं का काय रं?"

"काही जळलेलं नाही मामा. फक्त राऊटरच्या मागचं ते बारीक भोक कुणाला दाबू देऊ नका. मी येतो."

ते भोक म्हणजे रीसेट. राऊटर बंद करून चालू करणं वेगळं आणि रीसेट करणं वेगळं. रीसेटमध्ये वायफायचं नाव, पासवर्ड आणि इंटरनेट कंपनीने भरलेलं युजरनेम, सगळं पुसलं जातं. मग नंबरांचा घोळ राहतो बाजूला आणि आधी इंटरनेट सुरू करायची खटपट करावी लागते. म्हणून ही सूचना सगळ्यात आधी.

मामांनी सांगितलेल्या तक्रारीतच अर्धं निदान होतं. गोदामाच्या चौकोनात दाराचं चित्र येतंय, म्हणजे कॅमेरा जिवंत आहे, वायर ठीक आहे, रेकॉर्डरही ठीक आहे. फक्त कोण कुठल्या नंबरवर बसलंय ते बदललंय.

नंबर का बदलतात?

महाद्वार रोडच्या आसपासचं एखादं यात्री निवास डोळ्यांसमोर आणा. आलेल्या माणसाला मॅनेजर खोली देतो आणि कुणाला कुठली दिली ते पाटीवर लिहितो. राऊटर तेच करतो. वायफायला किंवा केबलने जोडलेल्या प्रत्येक वस्तूला तो एक नंबर देतो, उदाहरणार्थ `192.168.1.5`. यालाच आयपी ॲड्रेस म्हणतात, आणि नंबर वाटण्याच्या पद्धतीला डीएचसीपी. हा नंबर ठरावीक मुदतीसाठी असतो. बऱ्याच घरगुती राऊटरवर ती काही तासांपासून एका दिवसापर्यंत असते. वस्तू चालू असेपर्यंत साधारण अर्धी मुदत झाली की ती स्वतःच मुदत वाढवून घेते, म्हणून महिनोन् महिने तोच नंबर राहतो आणि आपल्याला तो कायमचाच वाटतो.

अडचण अशी, की पुष्कळ साध्या राऊटरमध्ये ही पाटी तात्पुरत्या मेमरीत असते. लाईट गेली की पाटी कोरी. लाईट आल्यावर सगळ्या वस्तू एकदम जाग्या होतात, आणि जो आधी विचारेल त्याला पहिला मोकळा नंबर मिळतो. सगळे राऊटर असे नसतात. काही राऊटर वस्तूच्या ओळखीवरूनच नंबर काढतात, त्यामुळे तो बहुतेक वेळा तोच येतो. काही वस्तूही "माझा जुनाच द्या" म्हणून मागतात. म्हणून शेजारच्या दुकानात हा त्रास कधीच होत नाही आणि तुमच्याकडे दर पावसाळ्यात होतो, असं घडू शकतं.

पण नंबर बदलला म्हणून सगळंच बंद पडत नाही. जे दुसऱ्याचा नंबर लक्षात ठेवून त्याला शोधायला जातं, तेच अडकतं. बिलाच्या कॉम्प्युटरने प्रिंटरचा नंबर धरून ठेवलेला असतो. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याने, म्हणजे एनव्हीआरने, प्रत्येक कॅमेऱ्याचा नंबर धरून ठेवलेला असतो. याउलट मोबाईल ॲपवर चालणारा साधा स्मार्ट बल्ब किंवा स्मार्ट प्लग स्वतःहून इंटरनेटवरच्या कंपनीच्या सर्व्हरशी जोडला जातो. त्याला घरात कुठलाही नंबर मिळाला तरी फरक पडत नाही. त्यामुळे बल्ब ऑफलाईन असेल, तर तो राऊटर सुरू व्हायच्या आत जागा होऊन अडकलाय का ते आधी बघा. त्याची लाईट दहा सेकंद बंद करून परत चालू करा. तरीही आला नाही तर वायफायचं नाव किंवा पासवर्ड बदललाय का आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय चालू आहे का ते तपासा. असे बहुतेक बल्ब ५ गिगाहर्ट्झला जोडलेच जात नाहीत.

कॅमेऱ्यांतही एक भेद आहे. जाड गोल केबलने डीव्हीआर नावाच्या रेकॉर्डिंगच्या डब्याला जोडलेल्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांना असा नंबरच नसतो. तिथे नंबर असतो फक्त डीव्हीआरला. त्यातला एखादाच कॅमेरा काळा पडला तर राऊटर सोडा, त्याची पॉवर आणि केबल बघा. एनव्हीआरच्या मागच्या पोर्टमध्ये थेट खोचलेले कॅमेरेही सहसा राऊटरकडून नंबर घेत नाहीत, एनव्हीआरच त्यांना सांभाळतो. मामांकडचे दोन्ही कॅमेरे वायफायचे होते, म्हणून ते या घोळात सापडले.

पायरी पहिली: आत्ता कोण कुठे आहे ते बघा

बिलाच्या विंडोज कॉम्प्युटरवर स्टार्टमध्ये `cmd` टाइप करून काळी खिडकी उघडली आणि हे दिलं:

```
ipconfig
```

यात `Default Gateway` पुढे जो नंबर दिसतो तो राऊटरचा. मामांकडे तो `192.168.1.1` होता. हा नंबर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत टाकला की राऊटरचं पान उघडतं. लॉगिनचं नाव आणि पासवर्ड बहुधा राऊटरच्या खालच्या स्टिकरवर असतात. तिथे नसतील तर इंटरनेट लावून देणाऱ्या माणसाला विचारा.

आत गेल्यावर `DHCP Client List`, `Connected Devices` किंवा अशाच नावाची यादी शोधा. तिच्यात प्रत्येक वस्तूचा नंबर असतो आणि शेजारी तिचा मॅक ॲड्रेस. मॅक म्हणजे वस्तूची जन्मखूण. १२ अक्षर-आकड्यांची ती खूण कारखान्यातूनच येते आणि लाईट गेल्याने बदलत नाही. यात्री निवासाच्या भाषेत आयपी म्हणजे खोली नंबर, तर मॅक म्हणजे आधार कार्ड. यादीतली नावं बऱ्याचदा विचित्र किंवा रिकामी असतात, म्हणून ओळख मॅकवरूनच पटवा. कॅमेऱ्याचा मॅक त्याच्या स्टिकरवर मिळतो. प्रिंटरच्या मेनूमधून नेटवर्कची माहिती छापायची सोय असते, त्या कागदावर आयपी आणि मॅक दोन्ही येतात.

आता जुने नंबर. ते कुठे मिळणार? ज्यांनी ते धरून ठेवलेत त्यांच्याकडेच. विंडोजमध्ये प्रिंटरच्या `Printer properties` मध्ये `Ports` हा भाग उघडला की टिक केलेल्या ओळीत जुना नंबर दिसतो. एनव्हीआरच्या कॅमेऱ्यांच्या यादीत प्रत्येक चौकोनापुढे नंबर असतो. हे सगळं मी एका पाठकोऱ्या बिलावर मांडलं:

```
वस्तू           जुना            आत्ताचा
प्रिंटर          192.168.1.5     192.168.1.7
गोदाम कॅमेरा    192.168.1.6     192.168.1.5
दार कॅमेरा      192.168.1.7     192.168.1.6
```

या तीन ओळींत सगळा उलगडा झाला. एनव्हीआर गोदामाचा कॅमेरा `.6` वर शोधत होता. तिथे आता दाराचा कॅमेरा बसला होता. दोन्ही एकाच कंपनीचे आणि पासवर्डही एकच, म्हणून एनव्हीआरने बिनतक्रार दाराचं चित्र गोदामाच्या चौकोनात दाखवलं. दाराचा कॅमेरा तो `.7` वर शोधत होता, तिथे प्रिंटर. म्हणून तो चौकोन काळा. आणि बिलाचा कॉम्प्युटर बिलं पाठवत होता `.5` वर, म्हणजे चक्क गोदामाच्या कॅमेऱ्याकडे.

इथे नवीन माणूस हमखास फसतो. मामांच्या ओळखीच्या एका मुलाने माझ्या आधी येऊन पिंग करून, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या नंबरला हाक मारून उत्तर येतं का ते, बघितलं होतं:

```
ping 192.168.1.5
```

उत्तर आलं, म्हणून त्याने निष्कर्ष काढला की नेटवर्क बरोबर आहे, प्रिंटरच बिघडलाय. पिंगला उत्तर आलं याचा अर्थ त्या नंबरवर कुणीतरी आहे एवढाच. ते कोण आहे हे पिंग सांगत नाही. ते बघायचं तर पिंगनंतर लगेच हे द्या:

```
arp -a
```

यात नंबराशेजारी `Physical Address` खाली मॅक दिसतो. तो प्रिंटरच्या कागदावरच्या मॅकशी ताडून बघा. दुसरा सोपा उपाय म्हणजे तो नंबर ब्राउझरमध्ये टाकायचा. पुष्कळ प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचं स्वतःचं पान असतं. प्रिंटरच्या नंबरवर कॅमेऱ्याचं लॉगिन उघडलं, तर आणखी पुरावा नको.

एखाद्या वस्तूचा नंबर `169.254` ने सुरू होत असेल तर प्रकार वेगळा आहे. तो नंबर राऊटरने दिलेलाच नाही. वस्तू लवकर जागी झाली, राऊटर अजून उठत होता, कुणीच उत्तर दिलं नाही म्हणून तिने स्वतःच एक नंबर लावून घेतला. राऊटरचे दिवे स्थिर झाल्यावर ती वस्तू बंद करून चालू केली की बहुधा काम होतं.

पायरी दुसरी: जुनेच नंबर राऊटरमध्ये राखून ठेवा

बहुतेक जण इथे कॉम्प्युटरमध्ये आणि एनव्हीआरमध्ये नवे नंबर भरतात. आजचं काम होतं, पण पुढच्या वेळी लाईट गेली की पुन्हा तेच. मी उलट करतो. कॉम्प्युटर आणि एनव्हीआरला हात लावत नाही, त्यांना जे जुने नंबर पाठ आहेत तेच राऊटरला पक्के करायला सांगतो. एकाच ठिकाणी काम, आणि कायमचं.

राऊटरच्या पानावर `LAN` किंवा `DHCP` या भागात `Address Reservation`, `Static DHCP`, `DHCP Binding` असं काहीतरी सापडेल. कंपनीगणिक नाव बदलतं, गोष्ट तीच: हा मॅक आला की हाच नंबर द्यायचा आणि तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. वरच्या तिघांचे मॅक आणि जुने नंबर तिथे भरले. प्रत्येक ओळीनंतर `Save` किंवा `Apply` दाबलं. मॅक भरताना काही राऊटर दोन-दोन अक्षरांमध्ये `:` मागतात, तर काही `-`. ओळ स्वीकारली जात नसेल तर आधी हेच तपासा. अक्षरं आणि आकडे तेच राहतात, उदाहरणार्थ `00:00:5E:00:53:0A`.

प्रिंटरच्या बाबतीत इथे एक खाचखळगा आहे. केबल आणि वायफाय दोन्ही असलेल्या प्रिंटरला मॅकही दोन असतात. प्रिंटर वायफायवर असताना केबलचा मॅक भरला, तर राऊटर तक्रार करत नाही, पण काही होतही नाही. म्हणून मॅक शक्यतो राऊटरच्या त्या यादीतूनच उचला, कारण तिथे सध्या वापरात असलेलाच दिसतो. मोबाईलचा नंबर मात्र राखत बसू नका. नवे अँड्रॉइड आणि आयफोन खरा मॅक लपवून प्रत्येक वायफायसाठी वेगळा बनावट मॅक दाखवतात, आणि तसंही मोबाईलला कुणी नंबरने शोधत नाही.

ओळी भरल्या तरी लगेच काही बदलत नाही, कारण सगळे आपापल्या आत्ताच्या खोलीत मुदत संपेपर्यंत बसलेले असतात. प्रिंटरला `.5` हवाय, पण तिथे कॅमेरा आहे. म्हणून एकदा सगळ्यांना बाहेर काढावं लागतं. प्रिंटर आणि दोन्ही कॅमेरे बंद केले. राऊटर बंद करून परत चालू केला. दोन-तीन मिनिटं, दिवे स्थिर होईपर्यंत, थांबलो. मग आधी प्रिंटर, मग एकेक कॅमेरा. ही घाई करायची जागा नाही. सगळं एकदम चालू केलं आणि राऊटर उठायच्या आत कॅमेरा जागा झाला, तर तो परत अडकू शकतो.

राऊटरच्या यादीत तिघेही जुन्या नंबरवर दिसले. एनव्हीआरचे चौकोन आपापल्या जागी आले, गोदामात गोदाम आणि दारात दार. प्रिंटरने मात्र बिलं लगेच काढली नाहीत. विंडोजच्या रांगेत संध्याकाळपासूनची अकरा बिलं तुंबली होती. ती पुसून एक कोरं पान पाठवलं, ते निघालं. तुमच्याकडे नंबर बरोबर असूनही प्रिंटर ऑफलाईनच दिसत असेल, तर रांगेच्या खिडकीत `Use Printer Offline` वर टिक राहिली आहे का बघा. तीही नसेल तर `Ports` मधल्या `Configure Port` मध्ये `SNMP Status Enabled` ची टिक काढून बघा. काही प्रिंटर त्या चौकशीला उत्तर देत नाहीत आणि विंडोज त्यांना उगाच ऑफलाईन ठरवतं.

नंबर प्रिंटरमध्येच पक्का केला तर?

हे लोक विचारतात, कारण प्रिंटरच्या मेनूत तशी सोय असते. करता येतं, पण मी टाळतो. प्रिंटरने स्वतःच `.5` लावून घेतला तरी राऊटरच्या पाटीवर त्याची नोंद नसते. काही राऊटर नंबर देण्यापूर्वी तिथे कुणी आहे का ते विचारून बघतात, पण तेव्हा प्रिंटर बंद असेल तर खोली रिकामी समजून तोच नंबर एखाद्या मोबाईलला मिळतो. सकाळी प्रिंटर चालू झाला की एका खोलीत दोघे. मग कधी छापलं जातं, कधी नाही, आणि मोबाईलचं नेटही मधूनच लटकतं. असं "कधी चालतं, कधी नाही" दिसलं तर दोन वस्तूंकडे एकच नंबर आहे का हा संशय आधी घ्या.

अर्थात राऊटरमध्ये राखीव नंबरांची सोयच नसेल, किंवा इंटरनेट कंपनीने ते पान बंद ठेवलं असेल, तर वस्तूमध्ये नंबर लावण्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा असा नंबर निवडा जो राऊटर वाटतच नाही. `DHCP` च्या पानावर वाटपाची सुरुवात आणि शेवट दिसतो. तो `192.168.1.100` ते `192.168.1.199` असेल तर प्रिंटरला `192.168.1.20` दिलेला चालतो. मग कॉम्प्युटरच्या `Ports` मध्येही `Add Port`, `Standard TCP/IP Port` असं जाऊन तोच नंबर भरावा लागेल.

दोन राऊटर असतील तर

राजारामपुरीत एका मैत्रिणीच्या घरी हे सगळं करूनही प्रिंटर सापडेना. तिच्या लॅपटॉपचा नंबर `192.168.0` ने सुरू होत होता आणि प्रिंटरचा `192.168.1` ने. इंटरनेट कंपनीच्या डब्याचं एक वायफाय आणि वरच्या मजल्यासाठी विकत घेतलेल्या राऊटरचं दुसरं, असे दोन मॅनेजर दोन वेगळी यात्री निवासं चालवत होते. लाईट आल्यावर प्रिंटर एका वायफायला आणि लॅपटॉप दुसऱ्याला जोडला गेला होता. दुसरा राऊटर त्याच्या सेटिंगमध्ये `Access Point` मोडवर टाकला. मग तो फक्त वायफाय पसरवतो आणि नंबर वाटायचं काम पहिल्याकडेच राहतं. म्हणून नंबराचे पहिले तीन भाग जुळतात का, हे कुठल्याही दुरुस्तीच्या आधी बघून घ्या.

खात्री आणि एक कागद

मामांच्या दुकानात निघण्यापूर्वी मी मेन स्विच खाली ओढला आणि मिनिटभराने वर केला. खरी लाईट गेल्यावर होतं तसंच, सगळं एकदम. पाच मिनिटांनी प्रिंटर `.5` वर, दोन्ही कॅमेरे आपल्या जागी. ही परीक्षा घेतल्याशिवाय काम झालं असं धरू नका, कारण हळूहळू, एकेक करून चालू केल्यावर सगळंच बरोबर दिसतं.

राऊटरसाठी एक छोटा डीसी यूपीएसही लावून घेतला. राऊटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट यूपीएसशी तंतोतंत जुळले पाहिजेत, आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही पॉवर लागते. त्याशिवाय नंबर टिकतील, पण इंटरनेट येणार नाही.

राखीव नंबरांची यादी असते राऊटरमध्ये. राऊटर जळला किंवा इंटरनेट कंपनीने बदलून दिला की ती त्याच्याबरोबर जाते. म्हणून वस्तूचं नाव, मॅक आणि नंबर असा कागद करून तो एनव्हीआरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. त्याच्या खाली वायफायचं नाव, पासवर्ड आणि राऊटरचा स्वतःचा नंबर `192.168.1.1`. नवा राऊटर आला की आधी त्याचा स्वतःचा नंबर हाच करायचा, कारण काही राऊटर `192.168.0.1` घेऊन येतात आणि मग जुना एकही नंबर लागू पडत नाही. त्यानंतर वायफायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायचा, म्हणजे कॅमेरे आणि बल्ब स्वतःहून जोडले जातात. मग कागदावरच्या ओळी परत भरायच्या.

"आणि नवीन क्यामेरा घेतला तर?" मामांनी कागद चिकटवता चिकटवता विचारलं.

"खोक्यावरचा मॅक आधी या कागदावर लिहायचा मामा, आणि `.8` पासून पुढचा नंबर द्यायचा. खोकं मात्र लगेच टाकून देऊ नका."